इंटर्नचा शेवटचा शेरा: खरं लिहायचं तर कसं लिहायचं?

वाळूज_क्वालिटी

मी वाळूज एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या क्वालिटीत आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमची हाउसिंगं बनतात. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा उन्हाळी इंटर्नशिपला सहा आठवडे माझ्या हाताखाली होता, या शनिवारी त्याचं संपतंय. कॉलेजचा फॉर्म आलाय. शिकण्याचा वेग, पुढाकार, तांत्रिक ज्ञान, शिस्त, सगळ्याला पाचपैकी गुण आणि खाली शेऱ्यासाठी अर्धं पान. जुनी फाइल काढून बघितली तर आतापर्यंतच्या प्रत्येक पोराला चार नाहीतर पाच, आणि शेरा एकच, "हार्डवर्किंग अँड सिन्सिअर". ती पोरं एकमेकांपेक्षा किती वेगळी होती ते मला माहीत आहे, फाइलला माहीत नाही.

याच्याबद्दल थोडक्यात सांगतो. हाताने लवकर शिकला. ड्रॉइंग वाचायला मात्र अजून अडखळतो. एक गोष्ट स्वतःहून शोधून काढली, ती आमच्याही लक्षात आली नव्हती. त्याच गोष्टीवरून पुढे एक आगाऊपणाही केला. आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या चेकशीटवरचे आकडे खोटे निघाले. हे सगळं त्या अर्ध्या पानात कसं बसवायचं? पोराचं नुकसान करायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही.

मीनल_एचआर

प्रत्येक मुद्द्याला गुण द्या आणि सरासरी काढा, म्हणजे तुमचं वैयक्तिक मत आड येत नाही. आम्ही ट्रेनींना असंच करतो. पुढाकार पाच, चूक झाली म्हणून शिस्त तीन, बाकी चार. सरासरी चारच्या आसपास येते. शेऱ्यात चांगलं तेवढं लिहा, बाकीचं तोंडी सांगा.

लातूरची_स्वाती

सर तुमच्या कंपनीत पुढच्या उन्हाळ्यात जागा आहे का? मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला आहे, प्रॉडक्शन. लातूरला मशीन शॉप कमी, डाळ मिल जास्त. स्टायपेंड नसला तरी चालेल.

वाळूज_क्वालिटी

स्वाती, जागेचं एचआर ठरवतं. व्यक्तिगत निरोप कर, पत्ता देतो. इथे विषय वेगळा चाललाय.

मीनलताई, सरासरीने माझा प्रश्न सुटत नाही. ज्याचा हात पक्का पण ड्रॉइंग कच्चं आणि ज्याचं सगळंच बेताचं, त्या दोघांनाही चारच मिळतील.

गेजवाला_काका

तीस वर्षं स्टँडर्ड रूममध्ये काढली, म्हणून विचारतो. "हाताने लवकर शिकला" म्हणजे काय बघितलंस? पोरगं पहिल्याच दिवशी मान डोलावून "हो सर, समजलं" म्हणतं, त्याला आपण वेग म्हणतो. तो वेग नव्हे. आज दाखवलेली गोष्ट उद्या न सांगता किती बरोबर करतो आणि ते बघून दुसरं हत्यार दिल्यावर काय करतो, त्यात वेग दिसतो. नेमकं सांग, कोणतं गेज, काय दाखवलं, दुसऱ्या दिवशी काय झालं.

वाळूज_क्वालिटी

काका, सांगतो. बोअर ३५ एच७ आहे, म्हणजे ३५.००० ते ३५.०२५. दोन टोकांचं डायल बोअर गेज, एक मायक्रॉनचं. पहिल्या दिवशी तो गेज आत घालायचा आणि सुई जिथे थांबेल तिथे वाचायचा. गेज बोअरमध्ये जरा तिरपं बसलं की माप मोठं दिसतं, म्हणून त्याचे आकडे आमच्या इन्स्पेक्टरपेक्षा चार-पाच मायक्रॉन वर यायचे. मी त्याला गेज पुढे-मागे झुलवायला शिकवलं. माप कमी कमी होत जातं आणि एका जागी सुई उलटी फिरते, तिथलं वाचायचं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून झुलवत होता. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना न सांगता रिंग गेजवर शून्य लावून घेतलं. पुढे हाइट गेज हातात दिलं तर आधी सरफेस प्लेट पुसली, शून्य तपासलं आणि मग जॉब ठेवला. तेवढं मी त्याला त्या हत्यारावर शिकवलंच नव्हतं.

गेजवाला_काका

मग हेच लिही. "शिकण्याचा वेग उत्तम" यात काही नाही. "बोअर गेजवर शिकलेली शून्य तपासायची सवय हाइट गेजवर आपणहून नेली" हे एक वाक्य वाचलं की पुढच्या माणसाला पोरगा दिसतो.

आणखी एक. तुमच्याकडे वर्षाला गेजचा अभ्यास होतोच की, तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकी तीनदा. त्यात हा होता का?

वाळूज_क्वालिटी

होता! पहिल्याच आठवड्यात तिसरा माणूस कमी पडत होता म्हणून त्याला बसवला. तो आकडा माझ्याकडे आहे. एकच जॉब तीनदा मोजताना त्याच्या मापांतला फरक सरासरी पाच मायक्रॉन यायचा, आमच्या दोन जुन्या इन्स्पेक्टरांचा दोनच्या आसपास.

गेजवाला_काका

तेच दहा जॉब परत घे. नंबर झाकून, क्रम बदलून दे, नाहीतर मागचं माप डोक्यात राहतं आणि हात आपोआप तिकडेच जातो. फरक पाचावरून कुठे आला ते बघ.

मीनल_एचआर

अगदी बरोबर. आणि त्या गेजच्या अभ्यासाचा टक्का दहाच्या आत आला की तांत्रिक ज्ञानाला पाचपैकी पाच! ऑडिटमध्ये दहाच्या आत म्हणजे उत्तम, असंच बघतात ना?

गेजवाला_काका

ताई, दहाच्या आत चांगलं हे खरं, पण तो टक्का गेजच्या पद्धतीचा असतो. त्यात तिन्ही माणसांचा आणि गेजचा हिशेब एकत्र येतो, शिवाय जॉब एकमेकांपेक्षा किती वेगळे निवडले यावरही तो हलतो. इन्स्पेक्टर दोघं पक्के असले की पोराचा कच्चेपणा त्यात थोडा झाकला जातो. आपल्याला फक्त त्याच्या स्वतःच्या तीन मापांतला फरक बघायचाय. आणि तो बरा आला तरी त्यावरून एवढंच कळतं की त्याला मोजता येतं. लक्ष ठेवून बसलेल्या माणसासमोर सगळेच नीट मोजतात. रोज लाइनवर मोजतो का, हा वेगळा प्रश्न. चेकशीटचं काय झालं ते अजून सांगितलं नाहीस रे.

वाळूज_क्वालिटी

येतो त्याच्यावर. आधी काल केलेलं सांगतो. दहा जॉब, नंबर झाकून. त्याचा फरक दोनवर आलाय, म्हणजे इन्स्पेक्टरांच्या बरोबरीला.

आता चेकशीट. दर तासाला सलग पाच जॉब मोजून लिहायचे असा नियम आहे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शीट बघितली तर एका तासाला १२, १२, १३, १२, १२. पुढच्या तासाला १२, १२, १२, १३, १२. (३५ वरचे मायक्रॉन.) आमच्या त्या मशीनवर पाच जॉबमध्ये कमाल-किमानचा फरक सहा मायक्रॉनच्या आसपास असतोच. एवढं गुळगुळीत येणं शक्य नव्हतं. त्या तासाचा ट्रे अजून बाजूला होता, त्यातले पाच जॉब घेऊन मीच मोजले. ९, १४, ११, १६, १०. सगळे टॉलरन्समध्ये, म्हणजे माल खराब नव्हता. पण शीट खोटी होती.

त्याला बोलावून शीट समोर ठेवली. एका मिनिटात सांगितलं, "सर, एकच मोजला, बाकीचे भरले." ऑपरेटरला प्रॉडक्शनचा आकडा गाठायचा होता, त्याने सांगितलं की एक मोज, बाकी अंदाजे लिही, सगळे असंच करतात.

जालन्याचा_रोलिंगवाला

हेच तर म्हणतो मी! पोराचा काय दोष? आमच्या रोलिंग मिलमध्ये सळीचं वजन मीटरला किती ते दर थोड्या वेळाने तोलायचं असतं. सोळा एमएमच्या सळीचं मीटरला १.५८ किलो यायला पाहिजे. तोलणारा जुना माणूस काट्याकडे न बघता १.५७, १.५८, १.५७ लिहीत बसायचा. नवीन पोरगं आलं की त्याच्याकडूनच शिकणार. तुमच्याच ऑपरेटरनं बिघडवलेलं पोरगं, अन् शेरा पोराच्या नावावर? कामून?

वाळूज_क्वालिटी

काका जालनेकर, ऑपरेटरशी वेगळं बोललोय, ते आमच्या घरचं. पण शीटवर सही पोराची होती.

प्रा_नांदेड

मी नांदेडच्या एका कॉलेजात इंटर्नशिप समन्वयक आहे. आमच्या बाजूचं सांगते. गुण गुणपत्रिकेत जातात. शेरा फाइलमध्ये राहतो, आणि खरं सांगायचं तर तो फारसं कोणी वाचत नाही. पण प्लेसमेंटला आलेली एखादी कंपनी कधीकधी फाइल मागते. तिथे "खोटे आकडे भरले" हे तीन शब्द वाचले तर बाकीचं अर्धं पान कोणी वाचणार नाही. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आहे. सुधारलाय ना? मग ते लिहू नका, अशी माझी विनंती आहे.

गेजवाला_काका

मॅडम, तुमचं मन चांगलं आहे. पण क्वालिटीच्या इंटर्नच्या शेऱ्यात आकड्यांच्या खरेपणाबद्दल अवाक्षर नसेल तर शेरा कशाचा? माझं म्हणणं आहे की लिहावं, पण तीन तुकड्यांत. काय झालं, विचारल्यावर काय म्हणाला, त्यानंतर काय झालं. तिसरा तुकडा नसेल तर लिहूच नये, कारण मग तो नुसता डाग आहे. क्वालिटी, नंतर परत तपासलंस का?

वाळूज_क्वालिटी

तपासलं. त्याला न सांगता पुढच्या आठवड्यांत वेगवेगळ्या शिफ्टचे ट्रे काढून मोजले. त्याचे आकडे आणि माझे एका-दोन मायक्रॉनच्या आत जुळले. एका शीटवर तर एका तासाची पाचपैकी दोनच मापं होती, पुढे लिहिलं होतं, "लाइन बंद, मोजता आले नाहीत." मला ती रिकामी जागा फार आवडली.

प्रा_नांदेड

हा शेवटचा प्रसंग मात्र लिहाच.

मीनल_एचआर

पण पुढाकाराचं काय? तुम्ही म्हणालात ना, एक गोष्ट शोधून काढली.

वाळूज_क्वालिटी

ती गंमत आहे. मे महिन्यात फायनल इन्स्पेक्शनला काही हाउसिंगमध्ये गो गेज जात नव्हतं, म्हणजे बोअर ३५ पेक्षा लहान. लाइनवरच्या शीटवर तेच जॉब पास. सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. इन्सर्ट घासला असेल, गेज बिघडलं असेल, वगैरे. याने कोणाला न विचारता मशीनवरून नुकतेच उतरलेले पाच जॉब घेतले, लगेच मोजले, नंबर टाकून इन्स्पेक्शनच्या एसी खोलीत ठेवले आणि तासाभराने परत मोजले. प्रत्येक जॉब नऊ-दहा मायक्रॉन लहान झाला होता.

कारण ॲल्युमिनियम. मीटरला एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ३५ च्या बोअरला बारा अंशांचा फरक धरला तर दहा मायक्रॉन जवळजवळ होतातच, आणि आमची पूर्ण टॉलरन्सच पंचवीस. शॉपमध्ये दुपारी काय तापतं ते वाळूजच्या माणसाला सांगायला नको, वर कटिंगची उष्णता. गरम जॉब लाइनवर आठ मायक्रॉन दाखवतो, थंड झाल्यावर शून्याच्या खाली जातो. मापं २० अंशांना धरायची असतात हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पण जॉब हातात घेऊन ते बघितलं त्याने.

गेजवाला_काका

वा! गरम जॉब आणि गार रिंग, हा जुना घोटाळा आहे. स्टीलचा जॉब असता तर निम्म्यावर निभावलं असतं. पोराला पाच दे.

वाळूज_क्वालिटी

थांबा काका. हे सापडल्यावर मला यायला हवं होतं. तो गेला थेट ऑपरेटरकडे आणि म्हणाला, बोअर आठ मायक्रॉन मोठा ठेवा. ऑपरेटरने ऑफसेट, म्हणजे मशीन किती कापेल ती दुरुस्ती, बदलला. ऑफसेटला सेटरशिवाय हात लावायचा नाही, हे इंडक्शनमध्ये सांगितलंय, मशीनवर पाटीही आहे. जेवणाच्या सुटीत मशीन थंड झालं, नंतरचे पहिले जॉब गरम नव्हतेच, आणि नोगो गेज आत जायला लागलं, म्हणजे बोअर ३५.०२५ च्या वर. त्या सगळ्या मालाची शंभर टक्के तपासणी करावी लागली. अ‍ॅल्युमिनियमला मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही, ते भंगारच.

जालन्याचा_रोलिंगवाला

अहो, पण विचार तर बरोबर होता ना त्याचा! आकडा जरा चुकला इतकंच. आमच्याकडे असं डोकं चालवणारं पोरगं मिळालं तर आम्ही सोडत नाही. चार द्या, पाच द्या.

गेजवाला_काका

आकडा चुकला नाही, भाऊ. दुखणं बरोबर ओळखलं, औषध चुकलं. जॉबचं तापमान बदलतं राहणार, तर एक ठरावीक ऑफसेट टाकून भागत नाही. जॉब थंड होऊ द्यायचा किंवा रिंग जॉबच्याच धातूची करून मशीनपाशी ठेवायची, म्हणजे दोन्ही बरोबर तापतात. तेही पूर्ण खरं नाही, जॉब रिंगपेक्षा जास्त तापलेला असतोच, पण फरक बराच कमी होतो. तुम्ही काय केलंत?

वाळूज_क्वालिटी

सध्या अर्धा तास ट्रेमध्ये ठेवून मोजतो, आणि शिफ्टमध्ये दोनदा थंड-गरमची जोडी मोजतो. ॲल्युमिनियमच्या रिंगचं वर बोललोय.

म्हणून विचारतो, शोधणं एका बाजूला आणि न सांगता बदल करणं दुसऱ्या बाजूला. एकाच रकान्यात दोन्ही कसे मोजायचे?

मीनल_एचआर

पुढाकार पाच, शिस्त दोन? वेगळे रकाने आहेतच की.

वाळूज_क्वालिटी

ते जमेल असं वाटत नाही, ताई. तो वेळेवर येतो, सेफ्टी शूज घालतो, मोबाइल बाहेर ठेवतो. शिस्तीला दोन दिले तर वाचणारा म्हणेल पोरगं उनाड आहे. हा गोंधळ त्याच्या पुढाकाराच्याच आत आहे. कुठपर्यंत स्वतः करायचं आणि कुठे सांगायचं, ते त्याला कळत नाही.

प्रा_नांदेड

आणि ड्रॉइंग? तुम्ही ते सुरुवातीला म्हणालात, नंतर राहिलंच. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आमचं काम आहे.

वाळूज_क्वालिटी

पोझिशन टॉलरन्स. ड्रॉइंगवर भोकाच्या जागेला व्यास ०.१ दिलाय, म्हणजे भोकाचं केंद्र तेवढ्या वर्तुळात हवं. तो दर वेळी ते एक्सला अधिक-उणे ०.१, वायला अधिक-उणे ०.१ असं धरतो. एका जॉबवर एक्समध्ये ०.०४ आणि वायमध्ये ०.०५ सरक होती. त्याने पास केला. खरं तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं, ते ०.१२८ येतं, जॉब रिजेक्ट. वेगवेगळ्या दिवशी समजावलं, कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. समोर असताना बरोबर करतो, पुढच्या जॉबला परत चौकोन. आणि शंका विचारत नाही, "हो सर" म्हणतो. म्हणजे वेगही सगळीकडे सारखा नाही. हातातल्या कामात दुसऱ्या दिवशी पक्कं, कागदावरच्या कामात सहा आठवड्यांनीही कच्चं.

प्रा_नांदेड

आमच्याकडे हे दोन तासांत संपवतात, परीक्षेला चिन्हं ओळखायला येतात, एवढंच. कृपया नेमकं लिहा, "पोझिशन टॉलरन्स" असं नाव घेऊन. "ड्रॉइंग सुधारावे" लिहिलंत तर आम्हाला काही करता येत नाही. आणि मुलालाही कळू द्या की हे शिकवण्यातलंही कमी आहे.

गेजवाला_काका

त्याला सीएमएम या मोजणीच्या मशीनचा रिपोर्ट कधी वाचायला दिलास का? तिथे एक्स, वाय आणि पोझिशन शेजारी-शेजारी छापून येतं. वर्तुळापेक्षा ते लवकर डोक्यात शिरतं.

वाळूज_क्वालिटी

नाही, सीएमएम रूममध्ये इंटर्नला बसवत नाहीत. मग तेही लिहायला हवं, की ते काम त्याला मिळालंच नाही. ग्राहकाच्या तक्रारीवर काम करणं, सप्लायरकडे जाणं, यातलं काहीच त्याला दिलं नाही. त्या रकान्यात "संधी नव्हती" लिहितो, गुण देत नाही.

मसुदा असा केलाय, बघा:

"बोअर गेजवरचे काम दोन दिवसांत आत्मसात केले. सहा आठवड्यांत स्वतःच्या मापांतील फरक पाच मायक्रॉनवरून दोनवर आणला. शून्य तपासायची सवय न सांगता दुसऱ्या उपकरणावर नेली. गरम जॉबमुळे बोअरचे माप चुकते हे स्वतः पाच जॉब मोजून दाखवले; त्यावर लाइनची पद्धत बदलली. मात्र त्याच वेळी सेटरला न सांगता ऑफसेट बदलायला लावला, त्यातून माल तपासावा लागला. शोध लागल्यावर आधी कोणाला सांगायचे, हे शिकायचे आहे. तिसऱ्या आठवड्यात एका शिफ्टची मापे न मोजता भरली. विचारताच मान्य केले. त्यानंतरच्या पडताळणीत नोंदी खऱ्या आढळल्या आणि न मोजलेली जागा रिकामी ठेवली. पोझिशन टॉलरन्स अजून पक्के नाही, अडल्यावर विचारत नाही. सीएमएम व ग्राहक-तक्रारीचे काम दिले नव्हते."

जालन्याचा_रोलिंगवाला

बाकी झ्याक. ते "न मोजता भरली" तेवढं काढा हो.

प्रा_नांदेड

माझंही अजून तेच मत आहे. पण ठेवणारच असाल तर "शिफ्ट" नको, "दोन तासांची" लिहा. तेवढंच झालं होतं ना? शिफ्ट म्हटलं की आठ तास वाटतात.

वाळूज_क्वालिटी

हे बरोबर आहे, मॅडम. बदलतो. वाक्य ठेवतोय.

गेजवाला_काका

पुढाकाराला किती?

वाळूज_क्वालिटी

तीन आणि चारमध्ये अडकलोय.

गेजवाला_काका

तीन. शोध मोठा होता म्हणून चार दिलेस तर पुढच्या कंपनीत तो ऑफसेटपाशी आणखी लवकर पोचेल.

जालन्याचा_रोलिंगवाला

चार! तुम्ही सगळे क्वालिटीवाले एकसारखेच.

मीनल_एचआर

साडेतीन चालत असेल तर बघा. आमच्या फॉर्ममध्ये चालतं.

वाळूज_क्वालिटी

या फॉर्ममध्ये अर्धा गुण नाही, ताई. शुक्रवारी त्याला बसवून मसुदा वाचून दाखवतो. आधी पुढाकाराला तू स्वतःला किती देशील ते विचारतो आणि मग आकडा टाकतो. शनिवारी एचआरचा शिक्का मारणारा माणूस सुटीवर आहे, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काहीतरी ठरवावंच लागेल.

लातूरची_स्वाती

सर, निरोप पाठवला आहे. आणि ते पोझिशनचं मलाही चौकोनच वाटत होतं.